कार्कासोनमध्ये मीपल कधी टाकायचा आणि कधी हातात ठेवायचा

प्रश्न: मी आणि ताई रोज रात्री कार्कासोन खेळतो, दोघंच, साधा बॉक्स, एक्स्पान्शन नाही. माझे मीपल अर्ध्या डावातच संपतात आणि मग दहा-बारा टाइल मी नुसत्या लावत बसतो. ताई शेवटी शेतकऱ्यांवर 15-20 पॉइंट घेऊन जिंकते. मीपल नेमका कधी टाकायचा? आणि शेतकरी कधी आडवा करायचा?

उत्तर:

मी हा गेम गेली अकरा वर्षं खेळतेय, त्यातला बराचसा दोघांत, आणि शनिवारी आमच्याकडे जे नवीन लोक येतात त्यांना शिकवते पण मीच, त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय ते मी अक्षरशः शेकडो वेळा समोर बसून बघितलंय. मला वाटतं तुमचं दुखणं शेतकऱ्यांमध्ये नाहीये. ताईचे 15-20 पॉइंट शेवटी मोजताना दिसतात म्हणून ते डोळ्यात भरतात, पण त्या दहा-बारा टाइल तुम्ही रिकाम्या हाताने लावल्यात ना, नुकसान तिथे झालंय, आणि ताईला शेत बिनविरोध मिळालं तेही त्याचमुळे, कारण तिच्या शेतात घुसायला तुमच्या हातात माणूसच नव्हता.

एक गोष्ट आधीच सांगते, किती जण खेळताय त्यावर अर्धं उत्तर बदलतं. बॉक्समध्ये 72 टाइल असतात, एक सुरुवातीची, राहिल्या 71. चौघं असाल तर प्रत्येकाला साधारण 18 टर्न मिळतात आणि मीपल तेच 7 (आठवा स्कोअरबोर्डवर), म्हणजे दर अडीच टर्नला एक टाकला आणि एकही परत आला नाही तरी डाव निघून जातो. दोघांत मात्र 35-36 टर्न येतात आणि मीपल तेवढेच सात. म्हणजे परत न येणारे मीपल टाकत राहिलात तर पाच टर्नला एकच परवडतो. चौघांत खेळायची सवय असलेला माणूस दोघांत खेळायला बसला की बरोब्बर अर्ध्यावर कोरडा पडतो, हे मी नेहमी बघते. तुम्ही दोघंच खेळता म्हणून पुढचं सगळं दोघांच्या डावाबद्दल आहे.

आता मीपलची किंमत. सातातला पहिला मीपल आणि सातातला शेवटचा मीपल यांची किंमत सारखी नसते. हातात सहा असताना एक टाकला तर काय गेलं? काहीच नाही, पुढच्या टर्नला चांगली टाइल आली तरी पाच आहेत. हातात एकच असताना तो टाकला तर मात्र पुढच्या प्रत्येक चांगल्या टाइलवर पाणी सोडावं लागतं, आणि कधीपर्यंत ते आपल्याला माहीत नसतं. मठ आला, ठेवता येत नाही. समोरच्याने नुकतंच एक छोटं शहर रिकामं सोडलंय, आपल्याकडे ते बंद करणारी टाइल आली, दोन टाइलचं शहर, नव्या नियमाने 4 पॉइंट हातोहात, पण ठेवायला माणूस नाही म्हणून तेही गेलं.

इथे टर्नचा क्रम लक्षात ठेवा, कारण घरगुती खेळात हा हमखास चुकतो: आधी टाइल लावायची, मग मीपल ठेवायचा, मग जे पूर्ण झालं त्याचे पॉइंट मोजायचे आणि त्यानंतर मीपल परत घ्यायचा. म्हणजे या टर्नला परत आलेला मीपल याच टर्नला वापरता येत नाही. हातात शून्य असताना तुम्ही स्वतःचं शहर बंद केलं तर त्या टाइलवरचा रस्ता किंवा शेत तुम्हाला घेता येत नाही. हातात एक असेल तर घेता येतं, आणि शहरातला परत येतो, म्हणजे हातात पुन्हा एकच. एक टाकला, एक आला. त्याच क्रमाचा दुसरा फायदा असा की जी गोष्ट आपल्याच टाइलने बंद होतेय आणि जिच्यावर कोणी नाही, तिच्यावर मीपल ठेवायचा, लगेच पॉइंट घ्यायचे आणि लगेच उचलायचा. असा मीपल फुकट पडतो, पण त्यासाठी हातात एक असावाच लागतो. म्हणून शेवटचा मीपल मी शेवटच्या आठ-दहा टाइलपर्यंत फक्त दोनच कामांना वापरते, असं लगेच परत येणारं काम, किंवा जिथे आधीच पाच-सहा शेजारी आहेत अशा जागी बसणारा मठ. बाकी काहीही आलं तरी नाही.

मग बाकीचे सहा कधी टाकायचे? मी टाकताना स्वतःला एकच प्रश्न विचारते, हा परत कोणत्या टाइलने येणार? "येईल कधीतरी" हे उत्तर चालत नाही, टाइलचं चित्र डोळ्यासमोर यायला पाहिजे, आणि तशा साधारण किती टाइल पिशवीत आहेत ते माहीत पाहिजे. सगळं पाठ करायची गरज नाही, दोन-तीन आकडे पुरतात.

पहिला आकडा 22. एका बाजूला बंद शहराचा तुकडा असलेल्या, म्हणजे शहराला झाकण लावणाऱ्या टाइल 71 मध्ये 22 आहेत. त्यात नुसतं झाकण असलेल्या पण आल्या, झाकणाबरोबर रस्ता असलेल्या पण आल्या, आणि एकाच टाइलवर दोन वेगळी झाकणं असलेल्या पाच पण आल्या. तुमच्या शहराला एकच तोंड उघडं राहिलंय आणि त्या रिकाम्या घराला दुसरा कोणी शेजारी नाही, तर सुरुवातीला जवळजवळ दर तिसरी टाइल ते शहर बंद करते. असा मीपल चार-पाच टर्नमध्ये परत येतो असं धरायला हरकत नाही. तोच मीपल तीन तोंडं उघडी असलेल्या शहरात टाकला तर तीन झाकणं लागणार, प्रत्येक तुमच्या हातात यायला पाहिजे, आणि मधल्या काळात ताई गप्प बसणार नाही.

दुसरा आकडा खरं तर शून्य आहे, आणि दोघांच्या डावात तोच जास्त महत्त्वाचा. एखाद्या रिकाम्या घराला लागून असलेल्या दोन बाजूंनी शहर आहे, समजा वरून आणि डावीकडून, तर तिथे बसणाऱ्या टाइल बऱ्याच आहेत. उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीवर रस्ता आला तर राहतात फक्त आठ: पाच, ज्यांच्यावर शहराचा कोपरा आणि त्याच्यासमोर वळणारा रस्ता असतो, म्हणजे रस्ता उरलेल्या दोन्ही बाजूंना निघतो, आणि तीन, ज्यांच्या तीन बाजूंना शहर आणि चौथीला रस्ता असतो. मग चौथ्या बाजूला शेत आलं की काय उरलं? काहीच नाही. दोन लागून शहर, एक रस्ता, एक शेत अशी टाइल साध्या बॉक्समध्ये नाहीच. ते घर मेलं, आणि त्या शहरात अडकलेला मीपल डाव संपेपर्यंत परत येत नाही. (एक्स्पान्शन घेतलंत तर हे हिशोब बदलतात.) माझा अंदाज असा की तुमचे जे तीन-चार मीपल अर्ध्या डावात गायब होतात त्यातला निदान एक अशा मेलेल्या घरासमोर उभा असतो आणि तुम्हाला ते दहा टर्न कळत नाही, कारण तुम्ही टाइल येण्याची वाट बघत असता. पुढच्या डावात एखादा मीपल आठ टर्न हलला नाही की थांबून त्या घराच्या चारही बाजू बघा.

म्हणून मी शहर वाढवताना तोंडं शक्यतो अशी ठेवते की दोन तोंडं एकाच रिकाम्या घरात उघडणार नाहीत. दोन तोंडं एका घरात आली की वरून बघायला छान वाटतं, एका टाइलमध्ये दोन्ही बंद, पण समोरच्याला तुम्हाला अडकवायला एक रस्ता आणि एक शेत एवढंच लागतं.

रस्त्यांबद्दल फार लिहीत नाही, एकच गोष्ट. रस्ता पूर्ण झाला तरी टाइलला 1 पॉइंट आणि अर्धा राहिला तरी टाइलला 1 पॉइंट. म्हणजे रस्ता बंद करण्याचा फायदा पॉइंटात नाही, मीपल परत येण्यात आहे. त्यामुळे सुरुवातीला आणि मध्यावर छोटे रस्ते, तीन-चार टाइलचे, पटकन बंद करायचे, लांब रस्त्याच्या मोहात पडायचं नाही. शहराचं उलट आहे, पूर्ण झालं तर टाइलला 2 आणि ढालीला 2, अर्धं राहिलं तर दोन्ही निम्मे. म्हणून शहर लवकर सुरू करायचं आणि रस्ता उशिरापर्यंत चालतो.

मठ मध्ये कुठेतरी बसतो. 9 पॉइंट दिसायला चांगले, पण मोकळ्या टोकाला ठेवला तर आठ शेजारी भरायला दहा-बारा टर्न सहज जातात. एकाच वेळी माझे दोन मठ उघडे असतील तर मी तिसऱ्यावर माणूस ठेवत नाही, ती टाइल समोरच्याच्या अंगाला लावून त्याची एखादी बाजू बिघडवायला वापरते.

आता शेतकरी. आधी नियम तपासा, कारण बॉक्स वेगवेगळे आहेत. हा गेम 2000 साली जर्मनीत आला तेव्हाच्या नियमात शेतकऱ्यांचा हिशोब शहरामागे 4 पॉइंट आणि प्रत्येक शहर एकदाच, असा होता, आणि दोन टाइलच्या शहराला 2 च पॉइंट होते. आता आपण खेळतो त्या नियमात प्रत्येक शेत वेगळं मोजतात, त्या शेताला टेकलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे 3, आणि ज्याचे शेतकरी त्या शेतात जास्त त्याला सगळे. सारखे असतील तर दोघांनाही पूर्ण. काही नव्या बॉक्समध्ये शेतकरी मुख्य नियमात नसून पुरवणीच्या पानावर असतात, त्यामुळे दोघांनी एकच पान वाचलंय ना ते बघा.

शेतकरी आडवा झाला की तो उठत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण त्याची किंमत तुम्ही मोजताय का? सहाव्या टर्नला टाकलेला शेतकरी 30 टर्न अडकतो. पंचविसाव्या टर्नला टाकलेला 11 टर्न. शेवटी दोघंही 12 पॉइंट देणार असतील तर दुसरा कितीतरी स्वस्त. मग सगळे शेतकरी शेवटीच टाकायचे का? तसंही नाही, कारण ज्या शेतात आधीच कोणी आहे तिथे थेट टाकता येत नाही, आणि चांगलं शेत तोपर्यंत रिकामं राहत नाही.

मी कधी टाकते ते सांगते. शेताला निदान दोन पूर्ण शहरं टेकलेली हवीत, तिसरं होण्यासारखं दिसायला हवं, आणि ते शेत रस्त्यांनी चारी बाजूंनी कोंडलं जाण्याच्या बेतात नको. हे साधारण माझ्या दहाव्या ते पंधराव्या टर्नच्या मध्ये जमून येतं. त्याआधी टाकला तर एक रस्ता आडवा येऊन शेताचे दोन तुकडे होतात आणि माझा माणूस शून्य शहरांच्या तुकड्यात पडून राहतो, हे माझ्याबरोबर सुरुवातीच्या वर्षांत इतक्या वेळा झालंय की आता पहिल्या आठ टर्नमध्ये मी शेताकडे बघतही नाही. अपवाद एकच, समोरच्याने टाकायच्या आधी मधलं मोठं शेत मला घेता येत असेल आणि हातात पाच-सहा मीपल असतील, तेव्हा तो स्वस्त पडतो.

पण तुमच्या बाबतीत ताई आधी टाकते. तेव्हा काय करायचं हे मला एका डावावरून सांगायचंय, कारण नुसतं "तिच्या शेतात घुसा" म्हणणं सोपं आहे आणि कसं घुसायचं ते कोणी सांगत नाही.

माझा आणि माझ्या एका मित्राचा डाव. 30 टाइल लागल्या होत्या, 31वी माझ्या हातात, पिशवीत 40 बाकी, म्हणजे दोघांना वीस-वीस टर्न. माझे दोन मीपल हातात, पाच बाहेर: एक शहरात, एक मठात, दोन रस्त्यांवर, एक कडेच्या एका फारशा कामाच्या नसलेल्या शेतात. त्याचा एक शेतकरी मधल्या मोठ्या शेतात, तिथे तीन शहरं आधीच पूर्ण, म्हणजे 9 पॉइंट, आणि अजून दोन सहज होण्यासारखी. माझं शहर चार टाइलचं, एक ढाल, एकच तोंड उघडं, उजवीकडे. त्या शहराच्या शेवटच्या टाइलच्या बरोब्बर खाली त्याच्या मोठ्या शेताची एक टाइल होती आणि तिचीही उजवी बाजू शेताची आणि मोकळी होती.

हातात आली ती एका बाजूला झाकण आणि वळणारा रस्ता असलेली टाइल. ती मी अशी लावली की झाकण डावीकडे, माझ्या शहराला चिकटून, रस्ता वरून येऊन उजवीकडे वळणारा, आणि खाली शेत. शहर बंद झालं, पाच टाइलचे 10 आणि ढालीचे 2, एकूण 12. इथपर्यंत कोणीही करेल. प्रश्न होता मीपल कुठे ठेवायचा, रस्त्यावर, शेतावर, की ठेवायचाच नाही. नवशिका इथे रस्त्यावर ठेवतो, कारण रस्ता दिसतोय आणि शेत एकदम छोटं, बिनकामाचं दिसतंय. मी शेतात आडवा केला. त्या तुकड्याला माझं नुकतंच बंद झालेलं शहर टेकलेलं होतंच, म्हणजे 3 पॉइंट तर पक्के. पण कारण ते नव्हतं.

कारण होतं खालचं रिकामं घर. त्याला डावीकडून त्याच्या शेताची बाजू आणि वरून माझ्या शेताची बाजू. दोन शेतं, लागून. आणि साध्या बॉक्समध्ये लागून दोन बाजूंना शेत असलेली प्रत्येक टाइल ती दोन शेतं जोडतेच. वळणारा रस्ता असू दे, शहराचा कोपरा असू दे, मठ असू दे, शेताच्या दोन बाजू कोपऱ्यात एकमेकींना मिळतात, मध्ये काही येत नाही. म्हणजे त्या घरात कोणीही, काहीही लावलं, अगदी त्याने स्वतः लावलं, तरी माझा शेतकरी त्याच्या शेतात शिरणार. अशा टाइल 71 मध्ये 27 आहेत. हेच घर समोरासमोर शेत असलेलं असतं, म्हणजे वर शेत आणि खाली शेत, तर त्याने एक सरळ रस्ता आडवा टाकून मला बाहेर ठेवलं असतं, सरळ रस्ते आठ आहेत. म्हणून समोरून कधी घुसायचं नाही, कोपऱ्यातून घुसायचं. ही एक गोष्ट माझ्या लक्षात यायला मला दोन-तीन वर्षं लागली आणि त्यानंतर माझे शेतातले डाव पार बदलले.

त्याला थांबवायचा एकच मार्ग होता, ते घर मारणं. दोन लागून शेत, एक शहर, एक रस्ता, अशी टाइल पण बॉक्समध्ये नाही. म्हणजे उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीवर शहर आणि एकीवर रस्ता त्याला आणायला लागणार होता. पुढच्याच टर्नला त्याने घराच्या खालच्या बाजूला वर तोंड केलेला रस्ता आणला. बरोबर चाल होती ती. आता तिथे फक्त वळणारे रस्ते किंवा रस्त्यावरचा मठ बसू शकत होता, पिशवीत तशा सहा टाइल राहिल्या होत्या. पण घराच्या उजवीकडे शहराची बाजू आणायला आधी तिथे टाइल चिकटवायला शेजार हवा, तो नव्हता, म्हणजे त्याला अजून दोन टाइल खर्चायला लागणार होत्या. एक त्याने खर्चली. दुसरी लावायच्या आत, माझ्या तिसऱ्या टर्नला, मला वळणारा रस्ता आला आणि शेतं जोडली गेली. एक त्याचा, एक माझा, दोघांना पूर्ण पॉइंट.

डाव संपला तेव्हा त्या शेताला पाच शहरं होती, 15 त्याला, 15 मला. मी 87, तो 81. रस्त्यावर ठेवला असता तर चार पॉइंट मिळाले असते आणि 15 गेले असते, म्हणजे 76 ला 81 ने हरले असते. आणि हे सगळं जमलं कारण त्या टर्नला हातात दोन मीपल होते. एक शेतात गेला, शहरातला परत आला, हात पुन्हा दोनच. शून्य असते तर शहराचे 12 घेऊन मी त्याचं शेत नुसतं बघत बसले असते, तुम्ही बसता तसं.

यात काय काय परिस्थितीवर अवलंबून होतं तेही सांगते. शेतात नऊच्या वर पॉइंट दिसत नसतील तर मी एवढा खटाटोप करत नाही, 6 पॉइंटसाठी एक मीपल आणि जोडायची एक टाइल म्हणजे जेमतेम बरोबरी होते. पिशवीत पंधरापेक्षा कमी टाइल असतील तर जोडणारी टाइल मला येईलच असं धरत नाही, अशा वेळी छोट्या तुकड्याला स्वतःचं निदान एक शहर टेकलेलं असेल तरच टाकते, म्हणजे जोडलं नाही तरी 3 येतात. आणि समोरचा दुसरा शेतकरी आणून वरचढ होऊ शकतो. ताई तसं करायला लागली तर मी तिसरा टाकत नाही, तोपर्यंत तिचे दोन माणसं आडवी झालेली असतात आणि तिच्या हातात कमी राहतात, तेव्हा मी शहरांकडे वळते. प्रत्येक वेळी शेताच्या मागे धावलं तर आपलाच हात रिकामा होतो.

साधारण मध्यावर, म्हणजे पिशवीत 35-40 टाइल असताना, मला माझी मांडणी अशी बघायला आवडते: एक शेतकरी, फार तर एक मठ, तीन माणसं शहर आणि रस्त्यांवर जी पाच-सहा टर्नमध्ये परत येणार आहेत, आणि दोन हातात. हातात एकच असेल तर पुढच्या दोन टर्न मी नवीन काही सुरू करत नाही, जे उघडं आहे ते बंद करायला टाइल वापरते, भले दुसरीकडे दोन पॉइंट जास्त दिसत असले तरी. हातात चार-पाच असतील तर मी पण चुकतेय, तेव्हा प्रत्येक टाइलवर काही ना काही टाकायला लागायचं, कारण डाव संपल्यावर हातात राहिलेल्या मीपलला शून्य पॉइंट.

तेव्हा शेवट कसा करायचा तेही बघा. पिशवीत दहा टाइल राहिल्या की, म्हणजे तुमच्या पाच टर्न, हिशोब उलटा होतो. आता परत येण्याची वाट नसते, म्हणून राखून ठेवलेला शेवटचा मीपलही आता सुटा. प्रत्येक टर्नला लावलेल्या टाइलवर जे काही रिकामं आहे त्यात जास्तीत जास्त पॉइंट कुठे ते बघायचं. नवीन रस्ता 1 देतो, नवीन शहराचा तुकडा 1, ढाल असेल तर 2, पण एका पूर्ण शहराला टेकलेला शेताचा छोटासा तुकडा, ज्यात कोणी नाही, तो सरळ 3 देतो, दोन शहरं असतील तर 6. रस्त्यांनी कापलेली अशी छोटी शेतं डावाच्या शेवटी टेबलावर तीन-चार तरी पडलेली असतात आणि बहुतेक लोक ती बघतच नाहीत. पाच टर्न, तीन मीपल, दोन तशी शेतं आणि सहा शेजारी असलेल्या जागी एक मठ आला तर तेवढ्यातच 13 पॉइंट होतात.

पुढच्या दोन-तीन डावांत एक करून बघा, दर पाच टर्नला हातातले मीपल किती ते एका कागदावर लिहा, ताईचेही. तुमचा आकडा कुठल्या टर्नला शून्य होतो आणि त्या वेळी बाहेरच्या सातपैकी कोण कुठे अडकलाय एवढं इथे लिहिलंत, जमलं तर टेबलाचा फोटो टाकलात, तर कोणता मीपल कुठे टाकायला नको होता ते मी नक्की सांगू शकेन.